‘अमर्याद’ प्लॅन घेतला, तरी चित्रं का अडतात? एआय चित्रसाधनांची क्रेडिट, रांगा आणि हक्क

प्लॅनच्या पानावर ‘अमर्याद चित्रं’ असं ठळक लिहिलेलं असतं. आपण पैसे भरतो, आठवडाभर हौसेने चित्रं काढतो आणि एक दिवस पडद्यावर निरोप येतो की तुमचा फास्ट वेळ संपला. कुणाचं काम तिथेच थांबतं, कुणाचं चालू राहतं पण रखडत. मग कुणीतरी विचारतं, ‘हे चित्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चालेल ना?’ आणि तेव्हा लक्षात येतं की याचं उत्तर प्लॅन घेताना आपण वाचलंच नव्हतं.

या सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. अशा साधनाचं सदस्यत्व घेताना आपण एका किमतीत दोन वेगळ्या गोष्टी घेतो. एक म्हणजे मशीनचा वेळ. तो महिन्याला येतो आणि महिन्याला जातो. दुसरी म्हणजे चित्र वापरण्याची मुभा. ती चित्राला चिकटते आणि महिना संपला तरी जात नाही. पहिलीचे नियम दुसरीला लावले की घोळ होतो.

उदाहरणासाठी मी मिडजर्नी हे साधन घेतलं आहे. त्याचे प्लॅन बरीच वर्षं साधारण त्याच चौकटीत राहिले आहेत आणि त्याच्या अटी मुळातून वाचता येतात. दर उद्या बदलतील, पण हिशेबाची पद्धत इतर साधनांनाही लावता येईल.

## क्रेडिट म्हणजे चित्रांची संख्या नव्हे

आपण वाक्य लिहून पाठवतो. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. तो जातो दूरच्या एका डेटा सेंटरमध्ये, जिथे जीपीयू नावाची महागडी गणनयंत्रं रांगेने लावलेली असतात. चित्राची सुरुवात होते निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून. मग टप्प्याटप्प्याने तो गोंधळ कमी करत मशीन चित्र बाहेर काढतं, आणि प्रत्येक टप्प्याला जीपीयू काही काळ तुमच्या कामात अडकलेला असतो. कंपनीचा खरा खर्च हा आहे, म्हणून बिलाचं मोजमापही त्यावरच बेतलेलं असतं.

काही साधनं हा वेळ ‘क्रेडिट’ किंवा ‘टोकन’ या गुणांमध्ये बदलून दाखवतात, म्हणजे साध्या चित्राला इतके गुण, मोठ्याला तितके, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. मिडजर्नी सरळ तास दाखवतं. सर्वांत स्वस्त बेसिक प्लॅन महिन्याला 10 डॉलरचा आहे आणि त्यात 3.3 तास, म्हणजे 200 मिनिटं फास्ट वेळ, म्हणजे रांगेत न थांबता वापरायचा मशीनचा वेळ, मिळतो. 30 डॉलरच्या स्टँडर्डमध्ये 15 तास, 60 च्या प्रोमध्ये 30 तास आणि 120 च्या मेगामध्ये 60 तास.

एका प्रॉम्प्टला चार चित्रांची एक चौकट येते आणि तिला साधारण एक मिनिट लागतं. हा ‘साधारण’ महत्त्वाचा आहे. आवडलेलं चित्र मोठ्या आकारात काढलं, म्हणजे अपस्केल केलं, की त्याचा वेळ वेगळा धरला जातो. चित्राचा थोडा भाग बदलून पाहिला किंवा त्याचीच वेगळी आवृत्ती मागितली, तर ते नवं काम असतं. म्हणून ‘200 मिनिटं म्हणजे 200 चौकटी, म्हणजे 800 चित्रं’ हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी प्रत्यक्षात हाती येणारी कामाची चित्रं त्याच्या एका छोट्या अंशाइतकीच असतात. आणि ज्या चौकटी पसंत पडल्या नाहीत त्यांचाही वेळ कापला जातोच. मशीनने काम केलं, ते तुम्हाला आवडलं नाही, हा त्याचा दोष नाही.

मिडजर्नी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपमधूनही चालवता येतं. शिल्लक किती हे पाहण्यासाठी तिथे `/info` असं टाइप करतात. साधारण अशा ओळी येतात:

```
Job Mode: Fast
Visibility Mode: Public
Fast Time Remaining: 1.25/3.33 hours (37.54%)
```

इथे एक साधी चूक सर्रास होते. 1.25 हे पाहून लोक एक तास पंचवीस मिनिटं समजतात. हा दशांश आहे. सव्वा तास, म्हणजे 75 मिनिटं. दहा मिनिटांचा फरक ऐन डेडलाइनला बोचतो. दुसरी ओळही लक्षात ठेवा, `Visibility Mode` ची. तिच्याकडे पुढे यायचं आहे.

## फास्ट, रिलॅक्स, टर्बो: रांग बदलते, चित्र नाही

सगळ्यांचे प्रॉम्प्ट एकाच वेळी चालवता येतील इतके जीपीयू कुणाकडेच नसतात. म्हणून रांग लागते. फास्ट म्हणजे आलं काम की घेतलं, आणि तो वेळ तुमच्या तासांतून वजा. रिलॅक्स म्हणजे मशीन मोकळं झालं की तुमचा नंबर, आणि तास कापले जात नाहीत. टर्बो हा तिसरा प्रकार आहे. त्यात चित्र फास्टच्या चौपट वेगाने येऊ शकतं, पण मिनिटं दुप्पट जातात. घाई किती आहे याची ही सरळ किंमत लावलेली आहे.

रिलॅक्समध्ये एका कामासाठी शून्य ते दहा मिनिटं थांबावं लागतं असं कंपनी सांगते. पण ही रांग सगळ्यांना सारखी नसते. महिनाभरात तुम्ही रिलॅक्स जितकं जास्त वापरलं असेल, तितका तुमचा नंबर मागे ढकलला जातो. अधूनमधून वापरणाऱ्याला पुढे घेतात आणि दिवसरात्र चित्रं काढणाऱ्याला थांबवतात. महिन्याच्या सुरुवातीला पटकन येणारं चित्र शेवटच्या आठवड्यात का रेंगाळतं, याचं हे एक कारण. नवा महिना सुरू झाला की ही गणतीही नव्याने सुरू होते.

‘मंद रांगेतलं चित्र हलकं असणार’ ही शंका बऱ्याच जणांना असते. तसं नाही. मॉडेल तेच, टप्पे तेच आणि चित्राचा आकारही तोच. फरक फक्त किती वेळ थांबायचं एवढाच.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. अमर्याद रिलॅक्स स्टँडर्डपासून वरच्या प्लॅनना मिळतं. बेसिकला ते नाही. म्हणजे बेसिकवाल्याची 200 मिनिटं संपली की मंद रांगही नाही. एक तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबा, नाहीतर जादा वेळ विकत घ्या. स्टँडर्डवाल्याचे तास संपले तर त्याचं काम मंदावतं, पण बंद पडत नाही. ‘आमचं तर चालू आहे, तुमचं कसं बंद पडलं?’ या वादाचं मूळ नव्वद टक्के वेळा हेच असतं.

आणि स्टँडर्डवाल्यांचाही एक घोळ होतोच. खातं फास्टवर ठेवलेलं असतं आणि कुणी ते बदलत नाही. मग नुसत्या कल्पना चाचपून पाहण्यातच फास्ट तास उडतात, आणि शेवटच्या दिवशी ग्राहक समोर बसलेला असताना, जेव्हा चित्र तात्काळ हवं, तेव्हा रिलॅक्सची रांग नशिबी येते. खरं तर उलट करायला हवं. चाचपणी रिलॅक्समध्ये, पक्कं काम फास्टमध्ये. `/relax` टाइप केलं की खातं मंद रांगेत जातं, `/fast` ने परत येतं. एकाच प्रॉम्प्टपुरतं हवं असेल तर शेवटी `--relax` जोडायचं. सातव्या आवृत्तीपासून `--draft` हाही एक मार्ग आहे. त्यात चित्र कच्चं येतं, पण अर्ध्या खर्चात आणि पटकन. कोणती कल्पना पुढे न्यायची एवढंच ठरवायचं असेल, तर कच्चं चित्र पुरतं.

## शिल्लक पुढच्या महिन्यात का येत नाही?

मोबाइलच्या रोजच्या डेटा पॅकसारखा हा मामला आहे. न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता जातो, तसे न वापरलेले फास्ट तास नूतनीकरणाच्या दिवशी जातात. त्यात कंपनीचा लोभ आहे का? थोडा असेलही. पण दुसरी बाजूही आहे. सगळ्यांचे तास साठत गेले असते, तर एखाद्या दिवशी हजारो लोकांनी सहा महिन्यांची शिल्लक एकदम मागितली असती, आणि तितके जीपीयू कायम हाताशी ठेवायचे तर 10 डॉलरचा प्लॅन 10 डॉलरला परवडला नसता.

‘महिना’ म्हणजे कॅलेंडरचा महिना असं धरून चालू नका. तुम्ही ज्या तारखेला सदस्यत्व घेतलं त्या तारखेपासून तो मोजतात. 12 तारखेला पैसे भरले असतील, तर 1 तारखेला काहीही होत नाही. ॲडोबीच्या फायरफ्लाय या चित्रसाधनात तर फुकट वापरणाऱ्याचा महिना त्याने पहिल्यांदा क्रेडिट वापरलं त्या दिवसापासून सुरू होतो, आणि पैसे भरणाऱ्याचा त्याच्या बिलाच्या तारखेपासून. तिथेही उरलेली क्रेडिट पुढे जात नाहीत.

‘मग मी वर्षाचे पैसे एकदम भरले तर वर्षाचे तास एकदम मिळतील ना?’ नाही. मिडजर्नीत वार्षिक भरण्याने दर वीस टक्के कमी होतो, एवढाच फायदा. तास तेच, महिन्याच्या महिन्याला. वर्षातल्या दोन महिन्यांतच भरपूर काम आणि बाकी दहा महिने शांत, अशी ज्याची पद्धत आहे, त्याने वार्षिक घेऊन उरलेल्या दहा महिन्यांचे तास वाया घालवण्यात अर्थ नाही. कामाच्या महिन्यापुरतं घ्यावं, संपलं की रद्द करावं.

तारीख माहीत असली की तिचा फायदाही घेता येतो. समजा नूतनीकरण 12 तारखेला आहे, आज 9 तारीख आहे आणि 150 मिनिटं शिल्लक आहेत. मोठं काम आलं तर आजच सुरू करावं. तीन दिवसांत ही 150 वापरली जातील, नाहीतरी ती जाणारच होती. 12 ला नवी 200 येतील. एकाच कामाला 350 मिनिटं मिळाली, एक डॉलरही जास्त न देता. तेच काम 13 ला सुरू केलं असतं, तर 150 मिनिटं आधीच पाण्यात गेली असती.

## एक पुस्तक, चोवीस चित्रं

आकडे प्रत्यक्ष मांडून पाहू. एका चित्रकर्तीकडे मुलांच्या पुस्तकाचं काम आहे, चोवीस चित्रं. ती बेसिक प्लॅनवर आहे आणि कोटा नुकताच भरलेला आहे.

एका चित्रासाठी तिला सरासरी दहा चौकटी लागतात असं धरू. ही अतिशयोक्ती नाही. पात्राचा चेहरा मागच्या पानाशी जुळत नाही, हाताला सहा बोटं येतात, फ्रॉकचा रंग बदलतो, मग पुन्हा प्रॉम्प्ट. चोवीस चित्रांच्या 240 चौकटी, म्हणजे 240 मिनिटं. शेवटी निवडलेलं प्रत्येक चित्र छपाईसाठी मोठं करायचं. त्याला दोन-दोन मिनिटं धरली तर आणखी 48. एकूण 288 मिनिटं. तिच्याकडे 200 आहेत, कमी पडली 88.

बहुतेक जण इथे घाईने स्टँडर्ड घेतात, 30 डॉलर. पण जादा फास्ट वेळ सुटाही मिळतो, तासाला 4 डॉलर दराने. 88 मिनिटांसाठी तिला दोन तास घ्यावे लागतील, 8 डॉलर. बेसिकचे 10 धरून एकूण 18. म्हणजे स्टँडर्डपेक्षा 12 डॉलर कमी.

ही रेघ कुठपर्यंत जाते? दोन प्लॅनमधला फरक 20 डॉलरचा आहे. 20 डॉलरमध्ये पाच तास सुटे मिळतात. बेसिकचे 3.3 आणि हे पाच मिळून 8.3 तास, म्हणजे 500 मिनिटं. महिन्याला 500 मिनिटांच्या आतलं काम असेल, तर नुसत्या फास्ट वेळेच्या हिशेबाने बेसिक आणि वर सुटे तास स्वस्त पडतात. त्यापुढे स्टँडर्ड.

पण हा हिशेब घाई असेल तेव्हाचा आहे. चित्रकर्तीला दोन महिन्यांची मुदत असेल, तर गोष्ट वेगळी. स्टँडर्डमध्ये ती रिलॅक्सला लावून 500 काय, हजार चौकटी काढू शकेल, फास्ट तासांना हात न लावता. ज्याला नेमकं काय हवं ते माहीत आहे त्याने बेसिक घ्यावा. ज्याला काढता काढता सापडतं, त्याने स्टँडर्ड. चित्रकार मंडळी दुसऱ्या गटात जास्त असतात, असं माझं मत आहे, आणि त्यांनी दर चौकटीला घड्याळाकडे बघत काम करू नये.

## आता हक्क: डेटा पॅकची उपमा इथे संपते

डेटा पॅक देणारी कंपनी, तुम्ही उतरवून घेतलेल्या फाइलचं काय करायचं, हे सांगत नाही. चित्रसाधन मात्र सांगतं. कोणत्या प्लॅनवर चित्र काढलं, त्यावर व्यापारी वापराची मुभा ठरते. व्यापारी वापर म्हणजे फक्त चित्र विकणं नव्हे. उत्पादनाच्या वेष्टनावर, जाहिरातीत, पैसे घेऊन छापलेल्या पुस्तकात, कमाई असलेल्या व्हिडिओच्या मुखचित्रात, हे सगळं त्यात आलं.

मिडजर्नीच्या अटी सांगतात की तुम्ही काढलेली चित्रं, कायदा जितकी मुभा देतो तितकी, तुमचीच. बेसिक असो की मेगा. म्हणजे आपल्या चित्रकर्तीला 10 डॉलरच्या प्लॅनवरही पुस्तक छापता येतं. पण एक अट आहे. तुम्ही वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेली कंपनी असाल, किंवा अशा कंपनीचे कर्मचारी असाल, तर चित्राची मालकी मिळण्यासाठी प्रो किंवा मेगा प्लॅन लागतो.

‘कर्मचारी’ हा शब्द निसटू देऊ नका. मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागातला कुणी तरुण स्वतःच्या खिशातल्या 10 डॉलरच्या खात्यावर मोहिमेचं चित्र काढतो आणि ते होर्डिंगवर लागतं. त्याला वाटतं, पैसे भरलेत, मग काय. पण अटीप्रमाणे त्या चित्राची मालकी त्याला मिळालेलीच नाही, मग कंपनीला कुठून मिळणार? ही चूक पकडणारा मशीनमध्ये कुणी बसलेला नसतो. काम सुरळीत चालतं, चित्र छापलं जातं आणि प्रश्न उगवतो तो कंपनी विकताना किंवा वाद कोर्टात गेल्यावर, जेव्हा वकील प्रत्येक चित्राचा स्रोत विचारतात. बाहेरून काम घेणाऱ्या चित्रकारानेही मोठा ग्राहक असेल तर कोणत्या प्लॅनवर काम होणार हे आधीच लेखी ठरवून घ्यावं.

दुसरा अपवाद कमी माहीत असलेला आहे. दुसऱ्याने काढलेलं चित्र साधनाच्या सार्वजनिक दालनात दिसलं आणि तुम्ही ते मोठं करून घेतलं, तर मिनिटं तुमची गेली, पण चित्र मूळ काढणाऱ्याचंच राहिलं.

## सदस्यत्व बंद केलं की चित्रंही जातात का?

नाही. पुढे प्लॅन खाली आणला किंवा रद्द केला तरी आधी काढलेल्या चित्रांची मालकी राहते, असं मिडजर्नीच्या अटींत स्पष्ट आहे. तास संपतात, हक्क टिकतात, हेच सुरुवातीला म्हटलं होतं. ‘मालिका संपेपर्यंत सदस्यत्व चालूच ठेवावं लागेल’ म्हणून दर महिन्याला पैसे भरणारे लोक आहेत. त्यांना त्याची गरज नाही.

याचं उलटंही खरं आहे. फुकटच्या काळात काढलेलं चित्र, नंतर पैसे भरले म्हणून आपोआप व्यापारी होत नाही. मिडजर्नी पूर्वी काही चित्रं फुकट काढू देत असे. 2023 च्या मार्चमध्ये ती सोय थांबवली. त्या काळात पैसे न भरता काढलेली चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बिगर-व्यापारी परवान्यावर दिली जात होती. अशी जुनी चित्रं कुणाच्या फोल्डरमध्ये असतील, तर आजच्या प्लॅनकडे पाहून ती छापायला काढू नयेत. इतर साधनांतही फुकट स्तराच्या अटी पैसे भरलेल्या स्तरांपेक्षा वेगळ्या असू शकतात. तपासायचं ते चित्र काढलं त्या दिवशीच्या स्तराचं.

## मालकी माझी, मग सगळ्यांना कसं दिसतं?

आता `/info` मधली ती दुसरी ओळ. `Visibility Mode: Public`. मिडजर्नीत काढलेली चित्रं मुळात सार्वजनिक असतात. इतर सदस्यांना ती दिसतात, प्रॉम्प्टसकट. ती लपवण्याची सोय, स्टेल्थ मोड, फक्त प्रो आणि मेगाला आहे.

मुलांच्या पुस्तकाला याने फारसा फरक पडणार नाही. पण बाजारात न आलेल्या उत्पादनाचं वेष्टन, पक्कं न झालेलं बोधचिन्ह किंवा ग्राहकाने गुपित ठेवायच्या करारावर सही घेऊन दिलेलं काम असेल, तर स्टँडर्डवर काढलेलं पहिलं चित्रच करार मोडू शकतं. इथे 30 आणि 60 डॉलरमधला फरक तासांचा नसतो, गुप्ततेचा असतो.

शिवाय तुमची मालकी असली तरी कंपनी स्वतःसाठी एक परवाना घेते. तुमचे प्रॉम्प्ट आणि चित्रं वापरण्याचा, दाखवण्याचा, त्यावरून नवं काही बनवण्याचा कायमचा, जगभराचा, बिनमोबदला हक्क. तो सगळ्या प्लॅनना लागू आहे, मेगालाही.

## ‘मालकी’ म्हणजे कॉपीराइट का?

इथे बहुतेकांची निराशा होते. कंपनी म्हणते चित्र तुमचं. म्हणजे कंपनी त्यावर हक्क सांगणार नाही. पण तिसऱ्या कुणी ते उचलून छापलं, तर त्याला अडवायला कॉपीराइट लागतो, आणि तो कंपनी देत नाही, कायदा देतो. ‘कायदा जितकी मुभा देतो तितकी’ हे शब्द अटीत उगाच नाहीत.

अमेरिकेत ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेचं प्रकरण गाजलं. तिची चित्रं मिडजर्नीने काढलेली होती. 2023 च्या फेब्रुवारीत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने निर्णय दिला की लेखिकेने लिहिलेला मजकूर आणि चित्रं व मजकुराची मांडणी यांना संरक्षण आहे, सुट्या चित्रांना नाही. 2025 च्या जानेवारीतल्या अहवालात त्याच कार्यालयाने म्हटलं की नुसता प्रॉम्प्ट लिहिणं हे लेखकत्वाला पुरेसं नाही, कितीही वेळा बदलून लिहिला तरी. चीनमध्ये मात्र 2023 च्या नोव्हेंबरात बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने स्टेबल डिफ्यूजन या दुसऱ्या चित्रसाधनाने काढलेल्या एका चित्रावर ते काढणाऱ्याचा कॉपीराइट मान्य केला. तेव्हा एकच चित्र एका देशात संरक्षित आणि दुसऱ्यात उघडं, अशी स्थिती आहे, आणि 10 डॉलरचा प्लॅन असो की 120 चा, त्यात फरक पडत नाही.

आपल्या चित्रकर्तीसाठी याचा व्यवहारातला अर्थ असा की गोष्ट तिने लिहिली असेल, चित्रांवर हाताने खरोखर काम केलं असेल, पानांची मांडणी तिची असेल, तर पुस्तकाला आधार आहे. बोधचिन्हाचं तसं नाही. तिथे एकच चित्र म्हणजे सगळं. ते एआयने जसंच्या तसं काढलेलं असेल तर दुसऱ्याने वापरल्यावर हात बांधलेले राहू शकतात.

## आणि दुसऱ्याने दावा केला तर?

‘कंपनीने व्यापारी वापराला परवानगी दिलीय, मग माझ्यावर कोण दावा करणार?’ ही परवानगी कंपनीकडे जे आहे त्याचीच असते. 2025 च्या जूनमध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी मिडजर्नीवरच दावा लावला, आपली प्रसिद्ध पात्रं हे साधन हुबेहूब काढून देतं म्हणून. त्या पात्रासारखं चित्र तुमच्या टीशर्टवर आलं, तर तुमचा प्रो प्लॅन त्या पात्राच्या मालकाला बांधील नाही. उलट अटींत जबाबदारी तुमच्याकडे ढकललेली आहे. जाणूनबुजून दुसऱ्याचं उचललंत आणि कंपनीला भुर्दंड पडला, तर तो तुमच्याकडून वसूल करू, असं मिडजर्नीने साध्या शब्दांत बजावलेलं होतं.

काही कंपन्या इथे उलट जबाबदारी घेतात. ॲडोबी सांगतं की फायरफ्लायचं मॉडेल ॲडोबी स्टॉकमधल्या परवानाधारक चित्रांवर, मुक्त परवान्याच्या आणि कॉपीराइट संपलेल्या साहित्यावर शिकवलेलं आहे, आणि ठरावीक मोठ्या संस्थांच्या प्लॅनमध्ये दावा झाल्यास भरपाईची हमी देतं. हमी ‘ठरावीक प्लॅनला’, हे दोन शब्द वाचायचे. एकट्या वापरकर्त्याच्या सदस्यत्वाला ती असतेच असं नाही.

म्हणून ज्या चित्रावर पैसे लागणार आहेत, त्याच्यासोबत एक छोटी नोंद ठेवा. चित्र कोणत्या तारखेला काढलं, तेव्हा कोणता प्लॅन होता त्याची पावती, पूर्ण प्रॉम्प्ट, साधनाने त्या कामाला दिलेला क्रमांक, आणि त्या दिवशी अटींचं पान जसं होतं तसं पीडीएफ करून. अटी बदलतात, जुनं पान नंतर सापडत नाही, आणि ‘तेव्हा परवानगी होती’ हे दाखवण्याची वेळ तुमच्यावरच येते. चित्र हाताने बदललं असेल तर मधल्या टप्प्यांच्या फाइलीही राहू द्या. आपला हात कुठे फिरला हे दाखवायला त्याच कामी येतात.